दारातलं ताट

– ‘ताट दिखनं की बाजूले व्हई जावानं, का ते इचारानं नही.’ हा नियम आहे मॅडम. तुम्ही विचारलंत ना, बायका वर का येत नाहीत, जिन्यातच का बसल्यात – त्याचं उत्तर एवढंच आहे. माझ्या सासूबाईंनी मला हे धर्मेंद्रच्या तेराव्यानंतर सांगितलं. धर्मेंद्र म्हणजे माझा नवरा. होता. ताट दिसलं की बाजूला व्हायचं आणि का ते विचारायचं नाही. कुठलं ताट? हेच, हॉलच्या दारात स्टुलावर ठेवलंय ते. हळद, कुंकू, अत्तराची बाटली, गुलाबाची फुलं. आमच्या समाजाच्या कुठल्याही कार्यक्रमाला हे दारात असतंच, येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू लावायचं, फूल द्यायचं, मग आत सोडायचं. आज पण ठेवलं. सवयीने ठेवलं. कार्यक्रम कुणाचा? तो बॅनर बघा, तुमच्याच डोक्यावर आहे – ‘विधवा भगिनी व एकाकी ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन’. आणि दारात कुंकू. हसा तुम्ही, चालेल. मलाही हसू यायला पाहिजे होतं.

नाही नाही, मुद्दाम नाही केलं कुणी. मुद्दाम करायला डोकं लागतं. आप्पांनी – म्हणजे सुकदेव आप्पा, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, ते पांढऱ्या टोपीतले, तुमच्या गळ्यात हार घालता घालता ज्यांचा चष्मा पडला ते – त्यांनी काल फोनवर सांगितलं, नेहमीची तयारी करून घ्या. नेहमीची म्हणजे सतरंज्या, खुर्च्या, माइक, चहा आणि ताट. ताटाशी उभं राहायला सोनाली, त्यांची पुतणी, नवीन लग्न झालेलं, नवी साडी. तिलाही काही कळलं नाही. कळणार कसं? तिने आजपर्यंत ज्यांना कुंकू लावलं त्या सगळ्या सवाष्णीच होत्या. विधवा कधी दारापर्यंत आलीच नाही, मग प्रश्न आलाच कुठे?

आणि पहिली आली ती सखूबाई. तुम्ही तेव्हा आत माइक तपासत होतात. सखूबाई पाटील वाड्यात राहते, इथे उधन्यातच, नवरा कापडाच्या लूमवर होता, जाऊन किती वर्षं झाली तिलाही आठवत नसेल. धाप लागते तिला, जिना चढून आली, दारात सोनाली दिसली, शेजारी ताट – आणि सखूबाईने कपाळ पुढे केलं. असं. जरासं खाली वाकून, डोळे मिटून. मॅडम, मी शपथेवर सांगते, तिने विचार करून नाही केलं. अंगाला आठवलं तिच्या. एवढ्या वर्षांनी अंगाला आठवलं. आणि सोनालीचं बोट कुंकवात बुडलेलं होतं, ते वर आलं, अर्ध्यात आलं – आणि थांबलं. परत गेलं मागे. सोनालीने बोट पदराला पुसलं. सखूबाईने डोळे उघडले, बघितलं, आणि म्हणाली, ‘बरं बरं, राहू दे पोरी,’ आणि वळून खाली गेली. जिन्यात बसली. मग तिच्यामागून ज्या आल्या त्या तिच्याजवळच बसल्या. वर कुणी येईना. आता खाली पंधरावीस बायका आहेत आणि वर आहोत तुम्ही, मी, हे म्हाताऱ्यांचं मंडळ आणि खुर्च्या. सोनाली बाथरूममध्ये रडतेय. आप्पा आणि दोघं-तिघं त्या बाजूच्या खोलीत मीटिंग करतायत, ऐकू येतंय ना? ‘चूक कुणाची’ यावर चाललीय.

पाणी देऊ तुम्हाला? बसा ना. तुमचा वेळ जातोय, मला कळतं, तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून आलात, रविवारी. पण आता हे मिटेपर्यंत काही होणार नाही. आणि खरं सांगू – तुम्ही काय बोलणार आहात ते मला आधी थोडं ऐकायचंच होतं. गेल्या वर्षी पण एक सर आणले होते आप्पांनी. गेल्या वर्षी मी ऐकणाऱ्यांत नव्हते, चहा वाटणाऱ्यांत होते, हातात हिरव्या बांगड्या. ते सर बोलले मन रमवा. भजनाला जा. नातवंडांत देव बघा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, ट्रे खाली ठेवून. आता ते आठवलं की – राग नाही येत. काहीच येत नाही. तेच तर सांगतेय.

तुम्ही फोनवर म्हणाला होतात, मी भाषण नाही देणार, गोल करून बसू. खुर्च्या नकोत, सगळे सतरंजीवर, आणि प्रत्येकाने आपलं स्वतःचं नाव सांगायचं, कुणाची कोण ते नाही. मग दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते ते सांगायचं. मग दोघादोघांच्या जोड्या, आठवड्यात एकदा तरी एकमेकांकडे जायचं, एकत्र जेवायचं, आणि पुढच्या महिन्यात परत इथेच. मला ते पटलं. मी आप्पांना पण सांगितलं. ते म्हणाले, ‘पुरुष पुढे खुर्चीवर बसतील, बायका मागे सतरंजीवर, गोल-बिल शाळेत.’ मी म्हटलं आप्पा, गोलात पुढे-मागे नसतं, म्हणून तर गोल. ते म्हणाले, ‘तू फार शिकलीस.’ आमच्याकडे वाद संपवायची ही पद्धत आहे.

ती वेळेची गोष्ट मात्र त्यांना नीट विचारा हं. सरळ ‘एकटं वाटतं का’ विचारलंत तर सगळे नाही म्हणतील. उखा आबांना विचारा – ते बघा, खिडकीशी बसलेत, छत्री मांडीवर घेऊन, पाऊस नाही तरी. त्यांची बायको वारली आणि आमच्या समाजाने त्यांना काय दिलं? पुढची खुर्ची. प्रत्येक कार्यक्रमात पुढची खुर्ची. पुरुषाला बाजूला नाही करत कुणी, मान देऊन बसवून ठेवतात आणि मग कुणी बोलत नाही. मुलाचं घर एका खोलीचं. मुलगा दिवसपाळीला मिलमध्ये, घरात सून एकटी. मग सासऱ्याने दुपारी घरात बसायचं कसं? सूनबाई पदर सावरत बसणार, हे भिंतीकडे तोंड करून बसणार. म्हणून ते सकाळी जेवून निघतात ते बीआरटीएसच्या स्टॉपवर बसतात. बस येते, जाते. कुणी विचारलं तर म्हणतात, पाहुणे यायचेत. रोज पाहुणे यायचेत. सून वाईट नाही हो, ती त्यांना छत्री आठवणीने देते. पण दुपारी घरात बसा असं म्हणणं तिच्या हातात नाही. त्यांना चहा करता येत नाही, ते शिकवा त्यांना. हसू नका, खरंच. बायको गेली तेव्हा त्यांना साखर कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं. माणूस दुःखाने एवढा हरत नाही, जेवढा साखरेच्या डब्यापाशी हरतो.

बायकांचं वेगळं आहे. बायकांना काम असतं. काम कुणी काढून घेत नाही मॅडम, काळजी करू नका. लग्नाचे पापड लाटायला पहिला निरोप सखूबाईला. शेवया वळायला सखूबाई. श्रावणातले कानबाईचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, जवळ आले की घरोघरचे गहू निवडायला सखूबाई आणि माझी सासू, पुष्पाबाई. बोटं झिजेपर्यंत निवडतात, खडा राहत नाही एक. आणि मग घरातल्या पुरुषांच्या नावाने त्या गव्हातून मुठी काढायची वेळ आली की ‘आता तुम्ही जरा बसा.’ काम चालतं, हात चालत नाही. मी नवी सून असताना पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा विचारलं, तोच गहू, तेच हात, सकाळी चालले, दुपारी का नाही? सासूबाई म्हणाल्या, ‘इचारानं नही.’ आणि त्या उठून बाजूला जाऊन बसल्या. कुणी सांगायच्या आधी. कुणी सांगायच्या आधी उठता यावं म्हणून त्या नेहमी दाराजवळच बसतात.

माझं? माझं काय. माझं तर मोबाइलवरच झालं. आमच्या बायकांचा ग्रुप आहे, हळदीकुंकू, साड्यांचे सेल, कुणाकडे बारसं, सगळं त्यावर. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बघते तर ‘स्वातीने तुम्हाला काढलं’. स्वाती माझी मैत्रीण, शेजारचं दार. मी तिला विचारलं नाही. तीच आली सांगायला, रडत, की तिला बायकांनी सांगितलं, योगिताला वाईट वाटेल ना गं, हळदीकुंकवाचे निरोप वाचून. म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून मला काढलं. बघा, इथे सगळे असेच वागतात, चांगुलपणाने. कुणी शिवी दिली असती तर मी भांडले असते, भांडायला मला येतं, कॉलेजात मी फी वाढली तेव्हा ऑफिसला कुलूप लावलं होतं. पण चांगुलपणाशी कसं भांडायचं? स्वाती रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. मी. तिच्या पाठीवर. आणि मनात एवढंच की गॅसवर दूध आहे.

मी रडले नाही, ते तुम्हाला कुणी सांगितलंच असेल. नाही? सांगतील. पलसाण्याच्या हायवेला ट्रकने उडवलं धर्मेंद्रला, मोटरसायकलवर होता, पाळी संपवून येत होता. मी हॉस्पिटलमध्ये कागदांवर सह्या केल्या, सगळ्या नीट केल्या, एकही चुकली नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे. शिकलेली आहे, म्हणून दगड. मग कुंकू पुसायची वेळ आली, बायका जमल्या, मी म्हटलं कुणी हात लावायचा नाही. तर सासूबाई पुढे आल्या. ओलं फडकं घेऊन. आणि त्यांनी ते पुसलं – मला वाटलं होतं घासतील. त्यांनी लहान बाळाचं तोंड पुसतात तसं पुसलं. हळू. कानामागे पण पुसलं, तिथे काही नव्हतं. आणि मग ते फडकं घडी करून कमरेला खोचलं. त्यांचा मुलगा होता तो. माझा नवरा नंतर, त्यांचा मुलगा आधी. त्या पण रडल्या नाहीत. त्यांना कुणी दगड नाही म्हणालं, त्या शिकलेल्या नाहीत ना.

आता आम्ही दोघी असतो घरात. एक खोली, दोन विधवा. लोकांना वाटतं एकमेकींना सोबत आहे, बरं आहे. सोबत आहे. टीव्ही आहे. त्यांना मालिका कळत नाही, मला बघायची नसते, पण टीव्ही लागतो, कारण तो बंद केला की कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे. मला भूक लागलेली कळत नाही, घड्याळ बघून जेवते. त्या मी जेवले की नाही ते ताटली बघून ओळखतात, विचारत नाहीत. धर्मेंद्रचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आज तुमच्यासमोर घेतलं ना मी? किती वेळा घेतलं? …बरं.

नोकरी? हो, पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या ऑफिसात, हिशेब बघते. कंपनीची बस असते. बसमध्ये मी – हे कशाला सांगतेय मी तुम्हाला. असू दे. बसमध्ये मी टिकली लावते. साधी, काळी. येताना उधन्याच्या आधी काढते. हट्ट म्हणून नाही, हौस म्हणून नाही. लोकांचा तो चेहरा होतो ना, कपाळ बघितलं की, ‘अरेरे, एवढ्या लहान वयात’ असा – त्या चेहऱ्यापासून सुट्टी मिळावी म्हणून. तिथे नवीन मॅनेजर आहेत, त्यांना माहीत नाही, ते माझ्या चुका काढतात, ओरडतात पण. एवढं बरं वाटतं मॅडम, कुणीतरी ओरडलं की. एकदा काढायची विसरले आणि ती टिकली ओढणीवर पडून घरी आली. सासूबाईंनी बघितली. मी वाट बघत उभी. आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी ती नखाने उचलली आणि कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवली. आणि दार लावलं. पोळ्या करायला लागल्या. टाकली नाही. ती अजून तिथेच आहे. मी कपडे काढायला दार उघडते तेव्हा दिसते.

त्या आल्यात आज. खाली जिन्यात आहेत, सखूबाईच्या पलीकडे, करड्या पदराच्या. दादा गेल्यापासून – दादा म्हणजे माझे सासरे – नऊ वर्षांत त्या या हॉलच्या पुढच्या दाराने आल्या नव्हत्या, इथे धर्मेंद्रचं लग्न लागलं तेव्हा पण मागच्या दाराने येऊन स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी बसल्या होत्या. मुलाच्या लग्नात. मी नवरी होते, मला वाटलं सासू लाजाळू आहे. आज मी त्यांना यायला लावलं, मी तयारीला पुढे आले, त्या मागून. चार दिवस मागे लागले, म्हटलं आई, हा कार्यक्रम तुमच्यासाठीच आहे, तिथे बाजूला होण्यासारखं काही नसणार. मी म्हटलं होतं मॅडम. काही नसणार. त्यांनी नवीन चप्पल घातली. आणि पहिल्या मजल्यावर पोचतायत तोवर वरून सखूबाई परत येताना दिसली त्यांना. मी सखूबाईच्या मागे जिन्यात आले होते, तर माझ्याकडे बघितलं पण नाही. जिन्यात बाजूला झाल्या, तिला जागा करून दिली. सवय आहे.

आणि तेव्हा – सोनालीचं बोट मागे गेलं तेव्हा मी तिथेच होते, मागे खुर्च्या मांडत – तेव्हा मला इथे, पोटात, दुखलं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी दुखलं. मला आधी कळलंच नाही काय ते. वाटलं सकाळी खाल्लं नाही म्हणून.

– हं, निघाले ते. आली मीटिंग. बसा, उठू नका, तुम्ही पाहुण्या आहात.

बोला आप्पा. …हो, मॅडमना सांगितलं मी सगळं. …उचलू? ताट? …मागे स्वयंपाकघरात नेऊन ठेवू, आणि खाली जाऊन बायकांना सांगू की चूक झाली, या वर. …कळलं मला आप्पा, तुम्ही चांगल्यासाठीच म्हणताय. त्यांचं मन दुखू नये म्हणून. मन दुखू नये म्हणूनच त्यांना नेहमी ताटापासून लांब ठेवलं, आज काय नवीन? आधी त्यांना ताटापासून बाजूला केलंत, आता ताटाला त्यांच्यापासून बाजूला करताय. कुणीतरी बाजूला झालंच पाहिजे.

नाही. मी उचलणार नाही.

…हळूच बोलतेय मी. आवाज कुठे चढवलाय? …शिकले आहे, हो. …मला कुंकू पाहिजे म्हणून? आप्पा, मला कुंकू नकोय. तुम्ही आत्ता माझ्या हातात करंडा दिलात तरी मी लावणार नाही, मला ते लावून काय वाटेल तेही माहीत नाही, मला सध्या काहीच वाटत नाही. मला नकोय आणि मी उचलणारही नाही. ताट दारातच राहील. ज्या बाईला लावायचं ती लावेल, जिला नको ती फूल घेईल, जिला फूल पण नको ती तशीच आत येईल, पण ताटाकडे बघून कुणी बाजूला होणार नाही. आणि सोनाली बोट मागे घेणार नाही – सोनाली, ये बाहेर, तुझी चूक नाही, तोंड धू. आणि खुर्च्या मी काढतेय. सगळे खाली बसणार. उखा आबा, तुम्ही पण. छत्री इथे भिंतीला लावा, कुणी नेत नाही.

…पद्धत आहे, माहीत आहे. …समाज काय म्हणेल? आप्पा, समाज जिन्यात बसलाय.

…आई?

कधी आलात वर?

या ना. …नका अशा दाराच्या मागे उभ्या राहू, मला दिसताय तुम्ही, पदर दिसतोय. …‘योगिता, चाल घर.’ ऐकलं मी. येईन घरी, तुमच्याबरोबरच येईन, दुसरं कुठे जायचंय मला. पण आत्ता नाही. तुम्ही मला सांगितलं होतं, का ते इचारानं नही. मी वर्षभर नाही विचारलं. आजही नाही विचारत आई. कुणालाच विचारत नाहीये. सांगतेय. मी इथून हलणार नाही, ताट इथून हलणार नाही. तुम्ही ताटाच्या समोरून आत या. बाजूने नाही. समोरून.

…आप्पा, काहीतरी म्हणणार होतात ना तुम्ही? बोला. …उखा आबा?

मॅडम, तो माइक बंद करा. घरघर ऐकू येतेय नुसती.